एसी, फ्रिज आणि पाण्याचा पंप असलेल्या घराला स्टॅबिलायझर किती केव्हीएचा लागतो?

प्रश्न : धायरीत आमचे रो-हाऊस आहे. दीड टनाचा जुना, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी, २६० लिटरचा फ्रिज आणि खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा एक एचपीचा पंप (प्लेटवर ६.५ अँपिअर) आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि एसी चालू असताना पंप नुसता घुमतो. तपकीर गल्लीत एका दुकानदाराने पूर्ण घराला ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर सांगितला, दुसऱ्याने १० केव्हीएचा. वायरमनने संध्याकाळी घेतलेले आकडे असे : एसी बंद असताना मीटरपाशी १९८ व्होल्ट; एसी चालू असताना मीटरपाशी १९०, एसीच्या सॉकेटवर १८६ आणि प्रवाह ८.५ अँपिअर, पंप सुरू होतानाच्या क्षणी मीटरपाशी १६९. सकाळी सहाला पंपाशिवाय २१५ असते. नक्की किती केव्हीए घ्यावा?

उत्तर :

पूर्ण घराला मिळून एकच स्टॅबिलायझर घेऊ नये, असे माझे मत आहे. एसीला स्वतंत्र स्टॅबिलायझर घ्यावा. बाजारात तो ४ केव्हीए या नावाने मिळतो, पण घेताना प्लेटवर किमान १२ अँपिअर लिहिलेले आहे आणि त्याचा इनपुट पट्टा १३० व्होल्टपासून सुरू होतो, या दोन गोष्टी पाहाव्यात. फ्रिजला अर्धा केव्हीएचा छोटा स्टॅबिलायझर पुरेसा आहे. पंपाला सध्या स्टॅबिलायझर घेऊ नये, कारण त्याचा आजार वेगळा आहे आणि तो तुमच्याच आकड्यांत दिसतो आहे. ही निवड कशी होते ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे पुढे एसी बदलला किंवा पंप बदलला तरी तुम्हाला स्वतःला हिशेब करता येईल.

दोन्ही दुकानदारांनी अंदाजपंचे सांगितले असे मला वाटत नाही. पहिल्याने चालू स्थितीतल्या भाराची बेरीज केली असणार. २३० व्होल्टवर एसीचे पावणेदोन केव्हीए, फ्रिजचे पाव केव्हीएच्या आत आणि पंपाचे दीड केव्हीए मिळून साडेतीन केव्हीए होतात, त्यात थोडी सूट धरली की ५ केव्हीएचा आकडा येतो. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पंपावर ‘१ एचपी’ किंवा ‘०.७५ किलोवॅट’ असे जे लिहिलेले असते ती मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते. मोटार लाइनीतून घेते ती शक्ती त्याहून बरीच जास्त असते, कारण एवढ्या लहान मोटारीची कार्यक्षमता बेताचीच असते. म्हणून स्टॅबिलायझरच्या हिशेबात एचपी किंवा वॅट धरू नयेत, प्लेटवरचे अँपिअर धरावेत. अँपिअरला २३० ने गुणून हजाराने भागले की केव्हीए मिळतात.

दुसऱ्या दुकानदाराने सुरू होतानाचा प्रवाह धरला असणार. थांबलेली मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी चालू प्रवाहाच्या साधारण चार ते सहा पट प्रवाह ओढते. पंपाचे साडेसहा अँपिअर पाचपट केले तर ३२ होतात. त्या वेळी एसी आणि फ्रिज आधीच चालू असतील तर एकूण ४१ अँपिअर, म्हणजे साडेनऊ केव्हीएच्या घरात जाते, आणि तेथून १० केव्हीए येतात. हा प्रवाह एखादा सेकंदसुद्धा टिकत नाही. स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर तेवढ्याने तापत नाही, मात्र त्यातल्या रिलेच्या, म्हणजे व्होल्टेजचा टप्पा बदलणाऱ्या स्विचच्या, संपर्कांना आणि मागच्या एमसीबीला तो क्षणभर सोसावा लागतो.

दोन्ही बेरजा आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्या दोन्ही २३० व्होल्टवर केलेल्या आहेत. तुमच्याकडे संध्याकाळी २३० व्होल्ट नाहीत, म्हणूनच तर स्टॅबिलायझर हवा आहे.

त्याकडे वळण्याआधी केव्हीएच्या आकड्याबद्दल थोडे सांगतो, कारण बहुतेक लोक येथेच फसतात. दीड टनाच्या एसीसाठी म्हणून विकला जाणारा ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर हातात घेऊन त्याची मागची प्लेट वाचा. ४००० भागिले २३० केले तर सतरा अँपिअर यायला हवेत, पण प्लेटवर बहुधा १२ अँपिअर लिहिलेले आढळेल. १२ गुणिले २३० म्हणजे पावणेतीन केव्हीए. खोक्यावरच्या ४ केव्हीएमध्ये कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणिक भार धरलेला असतो, आणि सतत देता येणारा प्रवाह हा प्लेटवरचा १२ अँपिअर असतो. म्हणून ‘४ केव्हीए द्या’ असे म्हणून थांबू नये, ‘सतत १२ अँपिअर देणारा द्या’ असे म्हणावे. ज्याच्या प्लेटवर अँपिअरच लिहिलेले नाहीत तो स्टॅबिलायझर स्वस्त असला तरी सोडून द्यावा. मुख्य लाइनीवर लावायच्या मोठ्या स्टॅबिलायझरचे केव्हीए आणि एसीच्या स्टॅबिलायझरचे केव्हीए यांची तुलना करायची झाली, तर तीही फक्त अँपिअरवरून करता येते.

आता पडलेल्या व्होल्टेजकडे येऊ. स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. त्यात ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. तो कमी व्होल्टेज आणि जास्त प्रवाह आत घेतो आणि जास्त व्होल्टेज व कमी प्रवाह बाहेर देतो. समजा त्याने व्होल्टेज सव्वापट केले, तर बाहेर १० अँपिअर देण्यासाठी तो लाइनीतून साडेबारा अँपिअर ओढतो. याचा अर्थ असा, की स्टॅबिलायझर लावल्यावर मीटरपासून खांबापर्यंतच्या वायरवरचा भार वाढतो. व्होल्टेज जर मुळात त्या वायरीतच पडत असेल, तर स्टॅबिलायझर लावल्यावर ते आणखी पडते आणि घरातल्या ज्या वस्तू स्टॅबिलायझरवर नाहीत त्यांना पूर्वीपेक्षा कमी व्होल्टेज मिळते.

तुमच्याकडे ते कोठे पडते आहे? एसी चालू केल्यावर मीटरपाशी १९८ चे १९० झाले, म्हणजे साडेआठ अँपिअरला आठ व्होल्ट गेले. भागाकार केला तर मीटरच्या मागच्या बाजूचा, म्हणजे खांबाकडचा अडथळा सुमारे ०.९४ ओहम येतो. एका घराच्या जोडणीसाठी हा आकडा मोठा आहे. तुमची सर्व्हिस वायर चार चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची असेल आणि खांब पन्नासेक मीटर अंतरावर असेल, तर जाऊन येऊन शंभर मीटर वायरीचाच अडथळा पाऊण ओहमच्या जवळ जातो. उरलेला अडथळा पुढच्या लाइनीचा आणि जोडांचा.

मीटरपासून एसीच्या सॉकेटपर्यंत आणखी चार व्होल्ट गेले आहेत, आणि मला या चार व्होल्टांची जास्त काळजी वाटते. एसीला बहुधा अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असते. पंधरा मीटर अंतरावर साडेआठ अँपिअरला तिच्यात दोन व्होल्टच पडायला हवेत. उरलेले दोन व्होल्ट एखाद्या सैल स्क्रूपाशी किंवा जळालेल्या सॉकेटपाशी पडत असतील, तर तेथे दोन गुणिले साडेआठ, म्हणजे सतरा वॅट उष्णता एका टाचणीएवढ्या जागी निर्माण होते. सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडणे, जवळ गेल्यावर करपट वास येणे आणि एसी तासभर चालल्यावर प्लगची पिन हाताला चटका देण्याइतकी तापणे ही त्याची लक्षणे आहेत. वायर दीड चौरस मिलिमीटरची टाकलेली असणे, ही दुसरी शक्यता आहे. काहीही असले तरी हे आधी दुरुस्त करून मगच स्टॅबिलायझर लावावा, कारण त्या जोडातून जाणारा प्रवाह स्टॅबिलायझरमुळे वाढणारच आहे.

पंपाचे गणित मी थोडे सावकाश मांडतो, कारण तुमचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. सुरू होण्याच्या क्षणी पंपाची मोटार म्हणजे ढोबळमानाने सात ओहमचा एक भार असतो. २३० ला ३२ ने भागले की हा आकडा मिळतो. सर्व अडथळ्यांची सरळ बेरीज करणे शास्त्रशुद्ध नाही, पण निर्णयापुरते ते चालते. संध्याकाळी एसी चालू असताना मीटरपाशी १९० व्होल्ट आहेत. पंपापर्यंतची वायर दीड चौरस मिलिमीटरची आणि वीसेक मीटर लांब आहे असे धरले, तर तिचा अडथळा अर्धा ओहम होतो. या स्थितीत पंप सुमारे २२ अँपिअर ओढतो, मीटरपाशी व्होल्टेज १६९ वर येते आणि पंपाच्या टोकाशी जेमतेम १५८ व्होल्ट पोहोचतात. तुमच्या वायरमनने मोजलेला १६९ हाच आकडा गणितातूनही निघतो, त्यामुळे गृहीतके फारशी चुकलेली नाहीत असे म्हणता येईल.

मोटारीचा सुरुवातीचा पिळ, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. १५८ भागिले २३० चा वर्ग केला तर ०.४७ येतो, म्हणजे पंपाला सुरू होण्यासाठी निम्म्याहूनही कमी जोर मिळतो आहे. घरगुती एक-फेज पंपात कपॅसिटर कायम जोडलेला असतो आणि अशा मोटारीचा सुरुवातीचा पिळ मुळातच कमी असतो. दांड्याभोवतीची ग्लँड थोडी घट्ट असली किंवा पाणी ढकलणाऱ्या इम्पेलरमध्ये गाळ अडकला, की मोटार घुमते आणि फिरत नाही. तशीच अर्धा मिनिट चालू ठेवली तर वाइंडिंग तापते.

आता पूर्ण घराला मोठा स्टॅबिलायझर लावला असे समजा आणि तो सव्वापट व्होल्टेज देतो असे धरा. एसीचा वाढलेला भार बाजूला ठेवला तरी पंप सुरू होताना लाइनीतून २२ ऐवजी ३२ अँपिअर ओढले जातात, मीटरपाशी १६९ ऐवजी १६० उरतात आणि पंपाच्या टोकाशी १८६ पोहोचतात. सुरुवातीचा जोर ०.४७ वरून ०.६५ वर जातो. याचा अर्थ स्टॅबिलायझर निरुपयोगी नाही, पंप बहुधा सुरू होईलही. पण त्यासाठी १० केव्हीएच्या जातीचे यंत्र घ्यावे लागेल.

दुसरा मार्ग पाहा. सर्व्हिस वायर चार ऐवजी दहा चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची झाली आणि पंपाची वायर चार चौरस मिलिमीटर तांब्याची टाकली, तर त्याच संध्याकाळी, एसी चालू असतानाच, पंपाच्या टोकाशी १७७ व्होल्ट पोहोचतात आणि जोर ०.५९ होतो. कोणतेही यंत्र न लावता आपण मोठ्या स्टॅबिलायझरच्या बरेच जवळ आलो, आणि शिवाय घरातल्या प्रत्येक वस्तूचे व्होल्टेज सुधारले.

तिसरा मार्ग फुकटचा आहे. सकाळी सहाला तुमच्याकडे २१५ व्होल्ट असतात आणि एसी बंद असतो. जुन्याच वायरींवर त्या वेळी पंप लावला, तर टोकाशी १८० व्होल्ट पोहोचतात आणि जोर ०.६१ मिळतो. वायर बदलल्यावर हाच आकडा ०.७३ होतो, म्हणजे संध्याकाळच्या स्टॅबिलायझरपेक्षाही जास्त. महापालिकेचे पाणी खालच्या टाकीत कधीही येवो, ते गच्चीवर कधी चढवायचे हे आपल्या हातात असते. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच आणि पंपाला टायमर लावून पहाटेची वेळ ठरवली, की संध्याकाळचा हा प्रसंग टळतो. दिवसाचे पाणी एका भरण्यात पुरत नसेल तर दुसरी वेळ दुपारची ठेवावी, मात्र दुपारचेही व्होल्टेज आधी मोजून पाहावे.

पंप सकाळी २१५ व्होल्टवरही घुमत असेल, तर दोष व्होल्टेजचा नाही. आधी कपॅसिटर तपासून घ्यावा. त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. वीज बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, मल्टिमीटरवर मोजल्यावर छापील आकड्याच्या चार-पंचमांशापेक्षा कमी भरला तर तो बदलावा. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका विद्युतभार शिल्लक असू शकतो. कपॅसिटर ठीक असेल तर वीज बंद असताना पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला नाही तर ग्लँड, बेअरिंग किंवा इम्पेलर अडला आहे.

मीटरच्या मागची वायर ही महावितरणची बाब आहे, तिला खासगी वायरमनने हात लावायचा नसतो. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना ‘व्होल्टेज कमी आहे’ एवढेच न सांगता, भार नसताना इतके आणि साडेआठ अँपिअर भाराला इतके, असे आकडे द्यावेत. त्यावरून लाइनमनला खांबावरचा जोड पाहायचा की सर्व्हिस वायर, हे ठरवणे सोपे जाते. शेजाऱ्यांकडेही संध्याकाळी १९८ च असेल, तर तो भाग ट्रान्सफॉर्मरच्या भाराचा आहे आणि तो तुमच्या वायरीने सुधारणार नाही. एक गोष्ट मात्र आधी तपासावी. एखादी मोठी वस्तू चालू केल्यावर घरातल्या दिव्यांचा उजेड वाढत असेल किंवा व्होल्टेज अचानक २६०-२७० च्या वर जात असेल, तर कोठेतरी न्यूट्रल सुटलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मेन स्विच बंद करून लगेच तक्रार करावी; त्यावर स्टॅबिलायझर हा उपाय नव्हे.

आता एसी. तुमचा एसी चालू स्थितीत साडेआठ अँपिअर घेतो, आणि बाहेर चाळीस अंश असताना तो नऊपर्यंत जाईल असे धरू. १२ अँपिअर सतत देणाऱ्या स्टॅबिलायझरवर नऊ अँपिअरचा भार म्हणजे भाराच्या एक-तृतीयांश शिलकी क्षमता, आणि ती योग्य आहे. ५ केव्हीएचा, पंधरा-सोळा अँपिअर देणारा घेतला तर बिघडत काही नाही, पण फायदाही फारसा नाही. त्याऐवजी इनपुटचा पट्टा पाहणे जास्त महत्त्वाचे आहे. ४ केव्हीएचे स्टॅबिलायझर १७० ते २७० व्होल्ट अशा अरुंद पट्ट्यात मिळतात आणि १३० ते ३०० अशा रुंद पट्ट्यातही मिळतात. तुमच्याकडे चालू स्थितीत १८६ व्होल्ट दिसतात म्हणून कोणी १७० वाला देईल. पण जुन्या प्रकारचा कॉम्प्रेसर सुरू होताना ३५ ते ४० अँपिअर मागतो. सध्याच्या वायरीवर सव्वापट वाढवणारा स्टॅबिलायझर असला, तर त्या क्षणी त्याच्या इनपुटला साधारण १४५ व्होल्टच उरतात. १७० वाला त्या क्षणी कमी व्होल्टेजमुळे पुरवठा तोडू शकतो, तीन मिनिटांनी पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो, आणि मालकाला वाटते की केव्हीए कमी पडले. प्रत्यक्षात कमी पडलेला असतो तो पट्टा. सर्व्हिस वायर बदलल्यावर हाच आकडा १५८ च्या आसपास जाईल, तरीही १३० वालाच घ्यावा असे मी म्हणेन.

तीन मिनिटांचा जो उशीर मी म्हणालो, तो स्टॅबिलायझरमध्ये असलाच पाहिजे. वीज जाऊन लगेच आली, तर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब समान व्हायला वेळ मिळत नाही, आणि चढ्या दाबाविरुद्ध अडलेला कॉम्प्रेसर तो मोठा प्रवाह सेकंदभर नव्हे, तर आतला ओव्हरलोड उडेपर्यंत ओढत राहतो. ‘उशीर नको, लगेच थंड हवे’ म्हणून हे सर्किट काढून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी तसे करू नये.

पुढे इन्व्हर्टर एसी घेतलात तर हिशेब बदलतो. तो हळूहळू वेग घेत सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीचा मोठा प्रवाह येतच नाही. पुस्तिकेत त्याच्या चालण्याचा व्होल्टेजचा पट्टा दिलेला असतो. तुमचे मोजलेले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्होल्टेज त्यात बसत असेल, तर स्टॅबिलायझरची गरज नसते. मात्र इन्व्हर्टर एसी व्होल्टेज पडले की तेवढी शक्ती मिळवण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो, म्हणून सैल जोड त्यालाही चालत नाहीत.

फ्रिजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चालू स्थितीत तो एक अँपिअरच्या आसपास घेतो आणि सुरू होताना क्षणभर आठ-दहा घेतो. अर्ध्या केव्हीएचे, दोन अँपिअरचे छोटे स्टॅबिलायझर याच कामासाठी बनवलेले असतात. त्या स्टॅबिलायझरवर मिक्सर किंवा ओव्हन लावू नये, एवढे पथ्य पाळावे. फ्रिज इन्व्हर्टर प्रकारचा असेल, तर त्याचीही पुस्तिका आधी पाहावी.

एवढे सगळे करूनही पूर्ण घराला एकच हवा असा आग्रह असेल, तर आकडा असा काढावा. एसीचे नऊ, फ्रिजचा एक, दिवे-पंखे-टीव्हीचे तीन आणि पंपाचे साडेसहा मिळून साडेएकोणीस अँपिअर होतात. त्यावर चौथाई शिल्लक धरली, की प्लेटवर सतत २५ अँपिअर देणारे यंत्र हवे. कागदावर हे पावणेसहा केव्हीए आहेत, पण पंप सुरू होतानाचे एकूण ४५ अँपिअर रिलेच्या संपर्कांवर येणार असल्याने प्रत्यक्षात ८ ते १० केव्हीएचे घ्यावे लागते. पाच केव्हीएचा रिलेवाला मुळीच घेऊ नये. पंप सुरू होताना व्होल्टेज पडते, रिले वरच्या टॅपवर, म्हणजे व्होल्टेज जास्त वाढवणाऱ्या टप्प्यावर, जाते, मोटार वेगात आली की व्होल्टेज वाढते, रिले परत येते. मोठा प्रवाह वाहत असताना ही अदलाबदल झाली की संपर्कांवर ठिणगी पडते आणि कधीतरी ते चिकटतात. वाढवणाऱ्या टॅपवर रिले चिकटून राहिली आणि रात्री उशिरा व्होल्टेज २३५ वर गेले, तर बाहेर २९० च्या वर मिळतात. म्हणून आउटपुटचे व्होल्टेज वाढल्यास तोडणारे संरक्षण असलेलाच स्टॅबिलायझर घ्यावा. सर्व्होवाल्यात, म्हणजे छोट्या मोटारीने ब्रश सरकवून व्होल्टेज जुळवणाऱ्या प्रकारात, टॅप बदलणारी रिले नसल्याने हा धोका कमी असतो, पण त्यातला कार्बन ब्रश झिजतो, तो वेळोवेळी पाहावा लागतो, आणि पंप सुरू होण्याच्या त्या क्षणाला प्रतिसाद देण्याइतका तो चपळ नसतो.

गीझर मात्र कोणत्याही परिस्थितीत यात धरू नये. दोन किलोवॅटचा गीझर १९० व्होल्टवर सुमारे १३६० वॅट देतो, पाणी तापायला दीडपट वेळ लागतो, आणि त्याला इजा काही होत नाही. त्याच्या नऊ अँपिअरसाठी दोन केव्हीए जास्त घेणे हा निव्वळ अपव्यय आहे. मोठा स्टॅबिलायझर घेण्याआधी बिलावरचा मंजूर भारही पाहून घ्यावा, कारण बाहेरचे साडेएकोणीस अँपिअर सव्वापटीने लाइनीवर चोवीसच्या वर जातात, आणि स्टॅबिलायझरच्या आधीचा एमसीबी व वायर त्या चोवीसच्या हिशेबाने असावी लागते.

एसीचा स्टॅबिलायझर बसवताना तो पडद्यामागे किंवा बंद कपाटात न ठेवता भिंतीवर मोकळ्या हवेत लावावा आणि त्याला १६ अँपिअरचा नवा सॉकेट द्यावा. संध्याकाळी तासभर एसी चालल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : इनपुटचे व्होल्टेज, क्लॅम्प मीटरवर इनपुटचा प्रवाह आणि स्विच बंद करून प्लग काढल्यावर त्याची पिन हाताला कशी लागते. प्रवाह साडेनऊच्या आसपास दिसेल. तो पूर्वीच्या साडेआठपेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे. पिन तापत असेल तर दोष अजून जोडातच आहे. आणि कॉम्प्रेसर स्थिर चालू असतानाही रिलेचा टक-टक आवाज मिनिटामिनिटाला येत राहिला, तर घरातली कोणतीही मोठी वस्तू चालू-बंद न करता मीटरपाशी दहा मिनिटे व्होल्टेज पाहावे. तेथेही काटा तसाच हलत असेल, तर सैल जोड खांबावर आहे आणि १९१२ वर सांगण्याच्या आकड्यांत त्याचीही भर घालावी.